कॉस्ट-प्लस, स्किमिंग की पेनिट्रेशन? किंमत पद्धतीच्या क्विझ प्रश्नांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नात किमतीचा आकडाच दिलेला नसतो. मग पद्धत ओळखायची कशावरून?

कारणावरून. मार्केटिंगच्या क्विझमध्ये साधारण तीन-चार ओळींची परिस्थिती देतात. त्यात कंपनीचे वर्णन असते, वस्तूचे कौतुक असते आणि कुठेतरी एक वाक्य असे असते की त्यामुळे उत्तर ठरते. "स्पर्धकांना अशी वस्तू आणायला किमान दोन वर्षे लागतील" हे तसे वाक्य. "कंपनी गुणवत्तेसाठी प्रसिद्ध आहे" हे तसे नाही, कारण गुणवत्तेसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी तिन्ही पद्धती वापरू शकते.

मी स्वतः असे प्रश्न तयार करतो, म्हणून सांगतो: आधी उत्तर ठरते, मग त्या उत्तराला टेकू देणारे एक वाक्य लिहिले जाते आणि उरलेल्या ओळी भोवती रचल्या जातात. वाचताना तो टेकू शोधायचा. एखादे वाक्य मनातल्या मनात खोडून पाहा. ते गेल्यावरही उत्तर तेच राहत असेल, तर ते सजावटीचे होते.

तिन्ही पद्धतींतला मुळातला फरक काय?

किंमत ठरवताना सुरुवात कुठून होते, हा. कॉस्ट-प्लसमध्ये सुरुवात आपल्या हिशेबाच्या वहीतून होते: खर्च किती, त्यावर नफा किती. स्किमिंगमध्ये जास्तीत जास्त पैसे मोजायला तयार असलेल्या ग्राहकापासून सुरुवात करून हळूहळू खाली उतरतात. दुधावरची साय आधी काढून घ्यावी तसे. पेनिट्रेशनमध्ये नजर सुरुवातीपासूनच मोठ्या गर्दीवर असते आणि किंमत अशी ठेवतात की ती गर्दी लगेच आत यावी.

शेवटच्या दोन पद्धती प्रामुख्याने नव्या उत्पादनासाठी आहेत. जोएल डीन या अर्थतज्ज्ञाने 1950 साली नव्या उत्पादनांच्या किमतींवर लिहिताना ही दोन टोके समोरासमोर ठेवली आणि अभ्यासक्रमांत ती जोडी आजही तशीच शिकवली जाते. त्यामुळे प्रश्नातली वस्तू बाजारात वर्षानुवर्षे विकली जात असेल, तर या दोन पर्यायांकडे आधी संशयाने पाहा.

कॉस्ट-प्लस हे उत्तर कोणत्या परिस्थितीत बरोबर असते?

खर्च नीट मोजता येतो पण मागणीचा अंदाज बांधता येत नाही, तेव्हा. एका ग्राहकासाठी एकदाच बनवायचे यंत्र, बांधकामाचा ठेका, किंवा काम सुरू झाल्यावरच खरा खर्च कळेल असे संशोधनाचे कंत्राट, ही त्याची नेहमीची उदाहरणे. हजारो प्रकारच्या वस्तू ठेवणारा विक्रेताही हीच पद्धत धरतो. प्रत्येक वस्तूच्या मागणीचा वेगळा अभ्यास करणे त्याला शक्यच नसते.

इथे एक बारकावा क्विझमध्ये येतो. नफा खर्चाच्या टक्केवारीत द्यायचा ठरला, तर ठेकेदाराने जितका जास्त खर्च करावा तितका त्याचा नफा वाढतो. म्हणूनच अमेरिकेच्या संघीय सरकारी खरेदीत खर्चाच्या टक्केवारीवर नफा देणारे करार कायद्याने बंद आहेत. तिथे खर्च भरून देऊन वर ठरावीक रक्कम देण्याचा प्रकार चालतो. पर्यायांमध्ये "खर्च अधिक ठरावीक शुल्क" आणि "खर्च अधिक टक्केवारी" असे दोन्ही दिसले, तर प्रश्न नेमका यावर आहे असे समजा.

"20 टक्के नफा" म्हणजे खर्चावर की विक्री किमतीवर?

सर्वात जास्त गुण इथेच जातात. एक काल्पनिक वस्तू घेऊ आणि पुढेही तीच वापरू: पाइपातली गळती ओळखून सूचना देणारे छोटे उपकरण. एका नगाचा चल खर्च 600. वर्षाचा स्थिर खर्च 20,00,000. वर्षात 5,000 नग खपतील असा अंदाज. स्थिर खर्च 5,000 नगांवर वाटला की प्रत्येकी 400 येतात, म्हणजे एका नगाचा एकूण खर्च 1,000.

आता खर्चावर 20 टक्के मार्कअप घेतला तर किंमत 1,200. पण विक्री किमतीच्या 20 टक्के मार्जिन हवे असेल, तर 1,000 हा किमतीचा 80 टक्के भाग झाला पाहिजे. 1,000 भागिले 0.80, म्हणजे 1,250. दोन्ही आकडे पर्यायांत हमखास ठेवलेले असतात. प्रश्नात "खर्चावर" असेल तर गुणायचे, "विक्रीवर" असेल तर भागायचे. दोन्हींपैकी काहीच लिहिले नसेल तर तो प्रश्न अर्धवट आहे; "मार्कअप" हा शब्द असेल तर खर्चावर आणि "मार्जिन" असेल तर विक्रीवर धरणे हे त्यातल्या त्यात सुरक्षित. मात्र काही पाठ्यपुस्तके विक्रीवरच्या टक्क्यालाही मार्कअपच म्हणतात, तेव्हा आपल्या अभ्यासक्रमाची सवय आधी तपासून घ्या.

कॉस्ट-प्लस इतकी सोपी आहे, तर तिच्यावर टीका का होते?

कारण तिचा हिशेब गोल फिरतो. वरचे उपकरण पाहा. किंमत 1,250 ठरली ती 5,000 नग खपतील या गृहीतावर. पण किती नग खपतील हे किमतीवरच अवलंबून आहे! समजा प्रत्यक्षात 2,500 च खपले. स्थिर खर्चाचा वाटा आता नगामागे 800 झाला, एकूण खर्च 1,400. म्हणजे 1,250 ला विकलेल्या प्रत्येक नगामागे 150 चा तोटा, वर्षाला 3,75,000.

आता पद्धत प्रामाणिकपणे पाळणारी कंपनी काय करेल? नवा खर्च 1,400, विक्रीवर 20 टक्के मार्जिन, म्हणून नवी किंमत 1,750. महाग झाल्यामुळे ग्राहक आणखी कमी होतील, नगामागचा खर्च आणखी वाढेल आणि सूत्र पुन्हा किंमत वाढवायला सांगेल. मागणी घटत असताना किंमत वाढवणारी पद्धत, हा तिच्यावरचा खरा आक्षेप आहे. "कंपनीने विक्री घटल्यावर किंमत वाढवली आणि विक्री आणखी घटली, तिने कोणती पद्धत वापरली असावी?" असा उलटा प्रश्नही विचारता येतो, आणि चांगले प्रश्नकर्ते तो विचारतात.

स्किमिंगमध्ये जास्त किंमत लावून फायदा नेमका कुठून येतो?

ग्राहक एकाच थराचे नसतात, यातून. आपल्या उपकरणाला पेटंट मिळाले आहे असे समजू. 1,000 ग्राहक असे आहेत की गळती झाली तर त्यांचे मोठे नुकसान होते. ते 3,000 मोजतील. आणखी 4,000 ग्राहक 1,800 पर्यंत जातील. त्याखालचे 15,000 ग्राहक 1,000 च्या वर येणार नाहीत. चल खर्च नगामागे 600 च.

सुरुवातीलाच 1,000 किंमत ठेवली तर वीसही हजार ग्राहक घेतील आणि नगामागे 400 प्रमाणे 80 लाख उरतील. त्याऐवजी टप्प्याटप्प्याने उतरलो तर पहिल्या थरातून 2,400 प्रमाणे 24 लाख, दुसऱ्यातून 1,200 प्रमाणे 48 लाख, तिसऱ्यातून 400 प्रमाणे 60 लाख. एकूण 132 लाख. स्थिर खर्च दोन्हीकडे सारखाच धरला, तर फरक 52 लाखांचा.

हा फायदा मिळायला दोन गोष्टी लागतात. वरच्या थरातल्या ग्राहकाला थांबणे परवडू नये, नाहीतर तो किंमत उतरण्याची वाट पाहत बसेल. आणि खालच्या थरापर्यंत पोहोचेपर्यंत दुसरा कोणी बाजारात येऊ नये. म्हणूनच क्विझमध्ये स्किमिंगच्या परिस्थितीत पेटंट, अवघड तंत्रज्ञान, "वस्तूची तातडीने गरज असलेले ग्राहक" असे शब्द येतात.

स्पर्धक मध्येच आला तर?

मग हाच हिशेब उलटतो. समजा पहिल्या थराला विकून झाल्यावर लगेच एक स्पर्धक तसेच उपकरण 1,000 ला घेऊन आला. आपल्यालाही 1,000 वर यावे लागेल आणि उरलेल्या 19,000 ग्राहकांपैकी अर्धे त्याच्याकडे जातील. आपल्याला मिळाले 24 लाख अधिक 9,500 नगांचे 38 लाख, एकूण 62 लाख. सुरुवातीलाच 1,000 ठेवून सगळा बाजार घेतला असता तर 80 लाख झाले असते. ग्राहक तेच, वस्तू तीच, खर्च तोच. बदलला फक्त स्पर्धक येण्याचा वेळ. म्हणून प्रश्नात "नक्कल करणे सोपे आहे" हे शब्द दिसले की वस्तू कितीही नवी असो, स्किमिंगवर खूण करू नका.

उत्पादन क्षमता कमी असल्याचा उल्लेख असेल तर?

स्किमिंगकडे झुका. आपले उपकरण पहिल्या वर्षी फक्त 5,000 च बनवता येत असेल, तर 1,000 ला विकून वीस हजारांची रांग लावण्यात काय अर्थ? 1,800 लाही पाच हजार ग्राहक मिळतातच.

पेनिट्रेशनसाठी "ग्राहक किमतीला संवेदनशील आहेत" एवढे पुरेसे नाही का?

नाही, आणि ही चूक हुशार विद्यार्थीही करतात. किंमत कमी केल्यावर विक्री वाढणे ही पहिली अट. त्या वाढलेल्या विक्रीतून कंपनीला टिकाऊ असे काहीतरी मिळणे ही दुसरी: नगामागचा खर्च उतरणे, ग्राहक बांधले जाणे किंवा स्पर्धकाची वाट अडणे. दुसरी अट नसेल तर ती नुसती स्वस्त विक्री झाली.

वरच्या हिशेबात आपण चल खर्च 600 च धरला होता. आता वेगळे समजू: उपकरणाची जुळणी हाताने होते आणि कामगारांचा हात बसेल तसा खर्च उतरतो. एकूण उत्पादन दुप्पट झाले की खर्च 20 टक्क्यांनी कमी होतो, असा वेग धरू. पाच हजारावा नग 600 ला पडला, तर दहा हजारावा 480 ला आणि वीस हजारावा 384 ला. किंमत 700 ठेवली तर नगामागचे शिल्लक 100 वरून 220 आणि मग 316 वर जाते. सुरुवातीची अगदी बारीक कमाई विक्रीच्या वेगाने भरून निघते.

आता बाहेर उभ्या असलेल्या स्पर्धकाच्या नजरेने पाहा. त्याची सुरुवात शून्यापासून होणार, त्यामुळे त्याचे पहिले पाच हजार नग 600 किंवा त्याहून महाग पडणार. बाजारभाव 700. म्हणजे त्याला फार तर नगामागे 100 सुटणार आणि त्यातून त्याचा स्थिर खर्चही भागायचा. तो बहुधा येणारच नाही. कमी किंमत ग्राहकाला ओढते हे सगळेच लिहितात. ती स्पर्धकाला परतवते हे उत्तरात लिहिणारे थोडे, आणि वर्णनात्मक प्रश्नात गुण त्यालाच असतात.

किंमत हळूहळू उतरत गेली म्हणजे स्किमिंगच ना?

नाही. किंमत का उतरली ते पाहावे लागते. दोन जुनी उदाहरणे शेजारी ठेवा.

1945 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गिम्बेल्स या दुकानात रेनॉल्ड्सचे बॉलपेन विक्रीला आले. किंमत 12.50 डॉलर, बनवण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट. नवलाईपोटी लोकांनी ते घेतले. मग स्पर्धक धावले आणि काही वर्षांतच बॉलपेन एका डॉलरच्याही खाली आले. हे स्किमिंग. किंमत खर्चापासून फार वर होती आणि वरचा थर संपला, स्पर्धा आली तशी ती उतरली.

फोर्डची मॉडेल टी ही मोटार 1908 साली 850 डॉलरला आली आणि 1920 च्या दशकाच्या मध्यात तिचे सर्वात साधे रूप 300 डॉलरच्या खाली मिळत होते. इथेही किंमत उतरलीच. पण सुरुवातीपासून लक्ष्य सामान्य ग्राहकावर होते, 1913 पासून सरकत्या जुळणी-रांगेने खर्च घटला आणि खर्चाबरोबर किंमतही खाली ढकलली गेली. हा तर्क पेनिट्रेशनचा. आलेखावर दोन्ही रेषा उतारच दाखवतील, पण पेनमध्ये खर्च आणि किंमत यांतली मोठी दरी आकसत गेली, मोटारीत दोन्ही मिळून खाली आले. प्रश्नात किमतीबरोबर खर्चाची माहिती दिली असेल, तर ती वाया घालवण्यासाठी दिलेली नसते.

महाग वस्तू कायम महागच राहिली तर तेही स्किमिंग का?

नाही, ती प्रीमियम किंमत. स्किमिंगमध्ये उतरण्याचा बेत पहिल्या दिवसापासून असतो.

हा उतरण्याचा वेग चुकला तर काय होते, हे आयफोनच्या पहिल्या आवृत्तीने दाखवले. जून 2007 च्या अखेरीस आठ गिगाबाइटचा फोन 599 डॉलरला आला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तो 399 वर आणला गेला. आधी घेतलेले ग्राहक इतके चिडले की कंपनीने त्यांना दुकानात वापरण्यासाठी 100 डॉलरची रक्कम देऊ केली. थर पुरेसा निवण्याआधीच पायरी उतरली की पहिल्या थराला फसवले गेल्यासारखे वाटते, आणि पुढच्या वस्तूच्या वेळी तो थांबायला शिकतो.

पेनिट्रेशन, लॉस लीडर आणि प्रिडेटरी किंमत यांत गोंधळ होतो. ओळखायचे कसे?

तिन्हींत किंमत कमीच असते. पैसे कुठून भरून निघणार ते विचारा. पेनिट्रेशनमध्ये त्याच वस्तूच्या पुढच्या मोठ्या विक्रीतून. लॉस लीडरमध्ये त्याच फेरीत ग्राहकाने घेतलेल्या दुसऱ्या वस्तूंमधून. प्रिडेटरी किमतीत स्पर्धकाला बाजारातून घालवून नंतर वाढवलेल्या किमतीतून, आणि अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यात तो गुन्हा किंवा गैरव्यवहार ठरतो. "प्रतिस्पर्ध्याने दुकान बंद केल्यावर किंमत दुप्पट केली" असे वाक्य आले की उत्तर पेनिट्रेशन नाही.

पेटंट आहे, पण बाकी सगळी परिस्थिती पेनिट्रेशनची वाटते. काय निवडायचे?

पेटंटमुळे स्किमिंग शक्य होते, सक्तीचे होत नाही. समजा वस्तूची उपयुक्तता वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढत असते, जसे एकमेकांना संदेश पाठवण्याचे साधन. अशा ठिकाणी वरच्या थराला आधी विकायला गेलो तर त्या मोजक्या लोकांना संदेश पाठवायला माणसेच नसतील! तिथे पेटंट असूनही पेनिट्रेशनच बरोबर. ज्या वाक्यात ग्राहकाचे वागणे सांगितले आहे, ते वाक्य कंपनीच्या कवचाबद्दलच्या वाक्यापेक्षा वजनदार धरा.

उत्तरसूची चुकीची असू शकते का?

असू शकते. सरावासाठी मिळालेल्या एका प्रश्नसंचात अशी परिस्थिती होती: "कंपनीने नवे उपकरण आणले. संशोधनावर मोठा खर्च झाला आहे. बाजारात दोन स्पर्धक तशीच वस्तू विकतात." उत्तरसूचीत स्किमिंग. प्रश्नकर्त्याने "संशोधनावर मोठा खर्च" एवढेच पाहिले होते. पण तो खर्च कंपनीची इच्छा सांगतो, ग्राहकाची तयारी नाही. शेजारी तशीच वस्तू मिळत असताना जास्त पैसे कोण देईल? तिथे योग्य उत्तर स्पर्धेवर आधारित किंमत, आणि तो पर्याय यादीत होताही.

अशा वेळी हरकत घ्यायची असेल तर "मला दुसरे उत्तर बरोबर वाटते" एवढ्यावर थांबू नका. प्रश्नातलेच वाक्य उचलून दाखवा की ते स्किमिंगची कोणती अट मोडते. त्या संचाबद्दल मी दोन ओळींची हरकत पाठवली होती, त्यात फक्त दोन स्पर्धकांचे वाक्य आणि वरच्या थराची अट एवढेच होते. पुढच्या आवृत्तीत उत्तर तेच राहिले, फक्त स्पर्धकांचे वाक्य प्रश्नातून गेले.